टॅटिंगची रिंग आवळतच नाही? घोडं एका झटक्यापाशी अडलेलं असतं

आमच्या शेजारची मुलगी दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी हातात शटल आणि गुंता झालेला पांढरा दोरा घेऊन आली. मामेबहिणीच्या रुखवतात ठेवायला तिला स्वतःच्या हातची टॅटिंगची लेस करायची होती, म्हणजे शटलवरच्या दोऱ्याने गाठी घालत घालत केलेली. शटल ऑनलाइन मागवलं होतं आणि चार दिवस मोबाईलवर व्हिडिओ लावून बसली होती. "काकू, व्हिडिओतली बाई दोरा ओढते आणि टपकन गोल होतो. मी ओढते तर सगळं जागच्या जागी घट्ट बसतं. माझं शटलच खराब आलंय का?"

मी दोरा हातात घेऊन पाहिला. शटल उत्तम होतं. गाठीही मोजून वीस होत्या, एकसारख्या आणि नीट. फक्त वीसच्या वीस गाठी चुकीच्या दोऱ्यावर बसल्या होत्या.

टॅटिंग शिकताना मध्येच सोडून देणारी बहुतेक माणसं इथेच सोडतात. दोष त्यांच्या हाताचा नसतो. ही गाठ हाताने करायची असली तरी आधी डोक्यात शिरावी लागते, आणि व्हिडिओत नेमका तो क्षण अर्ध्या सेकंदात निघून जातो. म्हणून आज त्या अर्ध्या सेकंदाबद्दलच सविस्तर लिहिते आहे. तो कळला की रिंग, चेन आणि पिको ही पुढची सगळी लेस त्यातूनच उलगडते.

शटल म्हणजे छोटा धोटा

धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा इकडून तिकडे नेणारं साधन; विट्याकडे ज्यांच्या घरी माग आहेत त्यांना तो सांगावा लागत नाही. टॅटिंगचं शटल हे त्याचंच बोटभर लांबीचं भावंड. कृष्णेत शर्यतीला उतरणाऱ्या होडीसारखं, दोन्ही टोकांना निमुळतं. जर्मन भाषेत तर या कामाला छोट्या होडीचं काम अशाच अर्थाचा शब्द आहे. वर एक पातं, खाली एक पातं, मध्ये एक छोटा खांब, आणि त्या खांबावर दोरा गुंडाळायचा. दोन्ही पात्यांची टोकं एकमेकांना टेकलेली असतात. दोरा त्यांच्या फटीतून जाताना 'टक' असा आवाज येतो. हा आवाज आला की दोरा आपोआप सुटणार नाही याची खात्री. टोकं फाकलेली असली तर शटल हातातून सुटल्याबरोबर दोरा भराभरा उलगडतो. विकत घेताना एवढं एकच पाहा.

दोरा गुंडाळताना पात्यांच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. जास्त भरलं की टोकं फाकतात आणि बाहेर आलेला दोरा मळतो.

आता दोरा कुठला? घट्ट पिळाचा, गुळगुळीत सुती क्रोशाचा दोरा. त्याच्या गुंडीवर नंबर असतो, आणि नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. ८० नंबरच्या दोऱ्याची लेस डोळ्यांचं पारणं फेडते, पण शिकायला १० किंवा २० नंबरचाच घ्या, कारण गाठ डोळ्यांना दिसली पाहिजे. लोकरीने सुरुवात करू नका. टॅटिंगमध्ये एक दोरा दुसऱ्याच्या आतून सरकावा लागतो आणि लोकरीची लव तो सरकू देत नाही. शिवणाचा दोरा सरकतो छान, पण एवढा बारीक की चुकलेली गाठ उकलताना रडू येतं.

परकराची नाडी आठवा

परकराच्या नेफ्यात नाडी असते. नाडी ओढली की नेफा चुण्या पडत आवळतो. हे कशामुळे होतं? नाडी नेफ्यात मोकळी असते म्हणून. शिवताना चुकून एके ठिकाणी सुई नाडीतून गेली, तर कितीही ओढा, तिथून पुढे नाडी हलत नाही.

टॅटिंगची रिंग अगदी अशीच आहे. शटलकडून येणारा दोरा ही नाडी. डाव्या हातावर ताणलेला दोरा म्हणजे नेफा, आणि त्याच्याच गाठी नाडीवर एकापुढे एक बसवत जायच्या. सगळ्या गाठी झाल्या की नाडी ओढायची, गाठी एकमेकींना टेकतात आणि गोल तयार होतो.

म्हणजे नियम एकच: शटलचा दोरा आत सरळ राहिला पाहिजे आणि गाठ हातावरच्या दोऱ्याने घातलेली असली पाहिजे. आमच्या शेजारणीच्या वीस गाठी उलट होत्या. तिचा शटलचा दोराच हातावरच्या दोऱ्याला वेटोळे घालून बसला होता. नाडी नेफ्यात शिवली गेली होती, आणि वीसदा.

मग गाठ शटलने घालायची आणि बसवायची हातावरच्या दोऱ्याने, हे कसं?

गोंधळ इथेच होतो. हलतं शटल. वर जातं, खाली जातं, वेटोळं घालतं. साहजिकच वेटोळं शटलच्या दोऱ्याचंच पडतं. आणि मग अर्ध्या सेकंदात ते वेटोळं एका दोऱ्यावरून दुसऱ्या दोऱ्यावर उडी मारतं. जाणकार याला फ्लिप म्हणतात. मी शिकवताना 'झटका' म्हणते.

तासगावकडच्या द्राक्षबागा डोळ्यांसमोर आणा. मांडवाची तार ताठ ओढलेली असते आणि वेलीचे मऊ ताणे तिच्याभोवती वळलेले असतात. तार ताण्यांभोवती वळत नाही, कारण ती ताठ आहे. दोऱ्याचंही तसंच आहे. दोन दोरे एकमेकांत अडकलेले असताना जो ताठ असेल तो सरळ होतो आणि जो ढिला असेल तो त्याच्याभोवती वळतो. झटक्यात दुसरं काही नाही. ज्या क्षणी वेटोळं पडलं, त्या क्षणी डाव्या हाताची बोटं ढिली सोडायची आणि उजव्या हाताने शटलचा दोरा ताठ ओढायचा. सरळ आणि वळलेला यांची अदलाबदल होते.

बहुतेकांची चूक उजव्या हातात नसते. डावा हात ढिला सोडायला मन तयार होत नाही, कारण शिवण असो वा विणकाम, आपल्याला दोरा ताणून धरायची सवय असते. इथे मात्र नेमक्या वेळी सोडून द्यायचं असतं.

पूर्ण गाठ दोन अर्ध्यांची

टॅटिंगमधल्या गाठीला डबल स्टिच म्हणतात. मी जोडगाठ म्हणते, कारण ती दोन अर्ध्या गाठींची बनते आणि दोन्ही एकमेकींच्या उलट असतात. आता हातात शटल घ्या आणि सोबत करून पाहा. वाचून हे अर्धंच कळेल.

शटलमधून सुमारे दीड वीत दोरा बाहेर काढा. त्याचं टोक डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरा. दोरा उरलेल्या तीन बोटांवरून फिरवून परत चिमटीत आणा. हाताभोवती एक कडं तयार झालं. मधलं बोट जरा उचला, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट यांच्यामध्ये दोऱ्याचा एक ताठ पूल दिसेल. सगळं काम या पुलावर होणार आहे.

पहिली अर्धी गाठ अशी. शटलचा दोरा उजव्या हाताच्या बोटांच्या पाठीवरून घ्या. शटल पुलाच्या खालून डावीकडे न्या आणि पुलाच्या वरून परत आणा. परत येताना ते उजव्या हातावरच्या दोऱ्याच्या खालून येईल. वेटोळं पडलं. थांबा. घाईने ओढू नका. डाव्या हाताचं मधलं बोट खाली वाकवा, पूल ढिला होऊ द्या. आता शटलचा दोरा उजवीकडे सरळ ओढा आणि ताठच धरून ठेवा. वेटोळं पलटलेलं दिसेल. शटलचा दोरा तारेसारखा सरळ झालेला असेल आणि हातावरच्या दोऱ्याचा ताणा त्याच्याभोवती वळलेला असेल. शटलचा दोरा ताठ ठेवूनच मधलं बोट हळूहळू वर उचला. गाठ सरकत सरकत चिमटीपाशी येऊन बसेल. तिला चिमटीत पकडा.

दुसरी अर्धी गाठ आरशातल्यासारखी उलट. या वेळी दोरा हाताच्या पाठीवरून घ्यायचा नाही. शटल पुलाच्या वरून डावीकडे न्या आणि पुलाच्या खालून परत आणा. पुन्हा तेच: डावा हात ढिला, उजवा ताठ, पलटी, मग बोट उचला आणि गाठ पहिलीच्या शेजारी सरकवा.

दोन अर्ध्या मिळून वर एक छोटी आडवी पट्टी आणि तिच्या खाली दोन पाय, असा आकार दिसतो. हीच एक जोडगाठ.

प्रत्येक जोडगाठ झाली की शटलचा दोरा एकदा पुढे-मागे ओढून पाहा. गाठ त्याच्यावर मोत्यासारखी सरकली तर बरोबर. सरकली नाही तर तीच गाठ चुकली आहे आणि तिला लगेच उकललं पाहिजे. पुढे दहा गाठी घालून मग शोधत बसू नका, कारण दहापैकी एक जरी न पलटलेली असली तरी रिंग तिथे अडते.

हे डोळ्यांना दिसावं म्हणून दोन रंग

त्या मुलीला मी एक युक्ती करायला लावली. शटलमध्ये लाल दोरा भरला, हातावर पांढऱ्या गुंडीचा दोरा घेतला आणि दोघांची टोकं बांधून ती गाठ चिमटीत धरली. पांढरा दोरा बोटांवरून नेऊन करंगळीला दोन वेढे दिले. आता जोडगाठी घालायला सांगितल्या.

पहिल्या तीन गाठी लालभडक. म्हणजे शटलचा दोराच वळला होता. चौथ्या गाठीला मी तिचं डावं मधलं बोट माझ्या हाताने खाली दाबलं. गाठ पांढरी उमटली. "अय्या, रंग बदलला!" ती म्हणाली आणि पुढच्या पंधरा मिनिटांत एकही लाल गाठ पडली नाही. चार दिवसांत व्हिडिओने जे साधलं नव्हतं ते दोन रंगांनी साधलं, कारण आता चूक कुठे होते आहे ते तिचं तिलाच दिसत होतं.

कधीकधी गाठी पांढऱ्या असतात, सरकतातही, पण रांग सपाट न राहता जिन्यासारखी पिळत जाते. असं झालं तर समजा, पहिलीच अर्धी गाठ पुन्हा पुन्हा घातली जाते आहे आणि दुसरी विसरली आहे. एकाच बाजूच्या अर्ध्या गाठी पीळ घेतात. उलट दुसरी अर्धी तो पीळ सरळ करते म्हणून जोडगाठ सपाट बसते. (हाच पीळ मुद्दाम घालून शोभेची जोसेफिन गाठ करतात. ती पुढे कधीतरी.)

पिको: साडीवाला तोच शब्द

आपण साडीला पिको-फॉल करून आणतो. त्यातला पिको आणि टॅटिंगमधला पिको एकच, फ्रेंच भाषेतून आलेला शब्द. टॅटिंगमध्ये पिको म्हणजे दोन जोडगाठींच्या मध्ये सुटलेला दोऱ्याचा छोटा फास.

करायला अगदी सोपा. एक जोडगाठ झाली की पुढची तिला चिकटवून न बसवता थोडं अंतर सोडून बसवा. मग ती मागे सरकवून पहिलीला भिडवा. मधला मोकळा दोरा फुगून वर येतो, तोच पिको. सोडलेल्या अंतराच्या साधारण निम्मी पिकोची उंची होते. ६ मिलिमीटर सोडले तर ३ मिलिमीटरचा पिको. सगळे पिको सारखे यावेत म्हणून पुठ्ठ्याची ६ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून गाठींच्या मध्ये धरत जा. सवय झाली की पट्टी लागत नाही.

पिको ही स्वतः गाठ नाही. नमुन्यात '४, पिको, ४' लिहिलेलं असेल तर चार जोडगाठी, मग अंतर, मग चार जोडगाठी. पिकोच्या पलीकडची जोडगाठ पुढच्या चारांतली पहिली. मोजण्यातला हा घोळ फार जणींचा होतो आणि मग रिंगची एक बाजू फुगते.

पिको शोभेचा आहेच, पण त्याचं मोठं काम जोडण्याचं आहे. फार पूर्वी रिंगा सुट्या करून मागाहून सुईदोऱ्याने बांधत असत. करता करताच शेजारच्या पिकोत अडकवून पुढे जायचं, ही रीत १९व्या शतकात रुळली आणि तिथून टॅटिंगला अखंड लेसचं रूप आलं.

एक बाहीची लेस, पहिल्या गाठीपासून

आता हे सगळं एका कामात उतरवू. ब्लाउजच्या एका बाहीच्या कडेला लावायची साधी लेस: एक रिंग, एक चेन, पुन्हा रिंग, पुन्हा चेन. रिंगा शेजारच्या रिंगेला पिकोने जोडलेल्या.

शटल भरून झाल्यावर दोरा गुंडीपासून कापू नका. शटल आणि गुंडी एकाच अखंड दोऱ्याने जोडलेली राहू द्या, म्हणजे सुरुवातीला गाठ मारावी लागत नाही आणि टोकं लपवण्याचं काम वाचतं.

पहिली रिंग फक्त शटलच्या दोऱ्याने. हाताभोवती कडं करा, गुंडीचा दोरा मागे लोंबकळू द्या. ४ जोडगाठी, पिको, ४, पिको, ४, पिको, ४. म्हणजे १६ गाठी आणि तीन पिको. मध्येच हातावरचं कडं लहान झालं तर कड्याची खालची बाजू हलकेच ओढा. शटलकडचा दोरा गाठींच्या आतून सरकत येईल आणि कडं मोठं होईल. नाडी मोकळी असल्याचा हा आणखी एक पुरावा.

आता कडं बोटांवरून काढा, गाठी चिमटीत धरा आणि शटलचा दोरा एकाच दमात न थांबता ओढा. गोल मिटेल. पहिली आणि शेवटची गाठ एकमेकींना टेकली की थांबा. त्यापुढे जोर लावला तर दोरा तुटतो, आणि रिंग मिटल्यावर तुटलेला दोरा सांधता येत नाही.

मग काम उलटवा, तव्यावर भाकरी उलटतो तसं. वरची रिंग खाली गेली आणि तिचं बूड वर आलं. आता चेन करायची.

चेन का मिटत नाही

रिंगमध्ये नाडी आणि नेफा एकाच दोऱ्याचे होते, म्हणून ओढल्यावर गोल झाला. चेनमध्ये दोन वेगळे दोरे आहेत. शटलचा दोरा आत सरळ, आणि गुंडीचा दोरा हातावर. गुंडीचा दोरा रिंगच्या बुडापासून बोटांवरून नेऊन करंगळीला दोनदा गुंडाळा. कडं करायचं नाही, कारण तो दोरा परत चिमटीत येत नाही. दोन रंगांची युक्ती केली होती ती खरं तर चेनच होती.

पहिली गाठ रिंगच्या बुडाला अगदी चिकटवून घाला. तिथे फट राहिली तर ती लेसभर दिसत राहते. ६ जोडगाठी, पिको, ६. झाल्यावर शटलचा दोरा हलकेच ओढा. चेनला कमान येईल. इथे हात सांभाळायचा. कमी ओढलं तर गाठींमधून आतला दोरा डोकावतो, फार ओढलं तर चेन गोगलगायीसारखी आत वळते. कमान टेबलावर सपाट पडली की ओढणं पुरे. पुढची रिंग सुरू झाली की कमानीचा आकार पक्का होतो, मग बदलता येत नाही.

काम पुन्हा उलटवा. पहिली रिंग वर आली. आता शटलच्या दोऱ्याने दुसरं कडं.

जोडणी

दुसऱ्या रिंगच्या ४ जोडगाठी घाला. आता पिकोऐवजी जोडायचं. पहिल्या रिंगचा तुमच्या कामाच्या सगळ्यात जवळचा पिको शोधा. तो तिचा शेवटचा पिको. मधला घेतला तर दोन्ही रिंगा एकमेकींवर चढतात आणि चेन खाली ओढली जाते. ते लगेच दिसतं, पण तोवर रिंग मिटली असेल तर उशीर झालेला असतो.

तो पिको हातावरच्या दोऱ्याच्या वर टेकवा. बारीक क्रोशाची सुई पिकोतून वरून खाली घाला, खालचा हातावरचा दोरा पकडा आणि पिकोतून वर ओढून एक फास काढा. फास एवढा मोठा करा की शटल त्यातून जाईल. शटल घाला, शटलचा दोरा ताठ धरा, आणि डाव्या हाताच्या बोटांनी हातावरचा दोरा ओढून फास आवळा. इथेही तोच नियम लागू आहे: शटलचा दोरा सरळ राहिला पाहिजे. आवळून झाल्यावर तो सरकतो का पाहा. शटलचा दोरा फासासोबत पिकोत ओढला गेला तर रिंग जोडणीपाशी अडकते. वीस गाठी बरोबर घालूनही रिंग मिटत नसेल तर संशयित जोडणीच.

काही नमुन्यांत जोडणीला पुढच्या गाठीचा पहिला अर्धा भाग धरतात. मी धरत नाही. जोडणी वेगळी, तिच्यापुढे पूर्ण ४ जोडगाठी. दोन्ही चालतं, पण एका लेसमध्ये एकच रीत ठेवा. मग पिको, ४, पिको, ४, आणि रिंग मिटवा. उलटवा, चेन. असंच पुढे.

किती करायच्या? चार रिंगा आणि चार चेन झाल्या की पट्टीने मोजा. समजा त्या ५ सेंटीमीटर भरल्या आणि बाहीचा घेर ३० सेंटीमीटर आहे, तर २४ रिंगा लागतील. एका रिंगेत १६ आणि एका चेनमध्ये १२ अशा २८ जोडगाठी, म्हणजे एका बाहीला ६७२. प्रत्येक जोडगाठीला दोन झटके, म्हणजे १,३४४ झटके. म्हणूनच मी सुरुवातीला त्या एका हालचालीवर एवढी रेंगाळले.

"क्रोशाने हेच लवकर होत नाही का?"

लवकर नक्की होतं. आणि घाई असेल तर क्रोशाच करा, त्यात कमीपणा नाही. फरक बांधणीत आहे. क्रोशा हा एकातून एक ओढलेल्या फासांचा असतो. शेवटचं टोक सुटलं की ओढत गेल्यास सगळं उसवतं. टॅटिंगमध्ये प्रत्येक टाका ही सुटी गाठ आहे. एका ठिकाणी दोरा तुटला तर तेवढीच रिंग बिघडते, शेजारची जागेवर राहते. पण याच गुणाची दुसरी बाजू अशी की चूक उसवणं अवघड. क्रोशाची चूक ओढून क्षणात निघते, इथे एकेक अर्धी गाठ बोथट सुईच्या टोकाने ढिली करून, शटल उलट्या दिशेने नेत सोडवावी लागते.

मिटलेली रिंग उघडायची तर पिकोपाशी उघडा. पिकोच्या दोन्ही बाजूंच्या गाठी नखांनी हळूच दूर करा. मध्ये आतला सरळ दोरा दिसेल. तो सुईने उचलून थोडा बाहेर ओढा, मग पुढच्या पिकोपाशी तसंच, असं करत कडं पुन्हा मोठं होतं. पिको नसलेली रिंग उघडणं जवळपास अशक्य. शिकताना पिको ठेवण्याचं हेही एक कारण.

"सुईने टॅटिंग करतात, त्यात झटका नाही म्हणे"

खरं आहे. लांब, एकसारख्या जाडीच्या सुईवर अर्ध्या गाठी थेट बोटाने चढवायच्या आणि शेवटी सुई त्यातून ओढून काढायची. सुई मुळातच ताठ असल्यामुळे दोरा तिच्याभोवतीच वळतो, पलटवण्याचा प्रश्नच येत नाही. ज्यांची बोटं दुखतात किंवा ज्यांना झटका काही केल्या साधत नाही त्यांनी जरूर करावं. मात्र गाठी आधी सुईच्या जाडीवर बसतात आणि मग बारीक दोऱ्यावर उतरतात, त्यामुळे लेस किंचित सैल आणि मऊ येते. शटलची लेस कडक आणि रेखीव उठते. बाहीच्या कडेला मला ती कडकपणा असलेलीच आवडते.

डावखुऱ्यांनी यातला उजवा-डावा उलट वाचावा. शटलला कुठली बाजू नसते.

दोरा संपला तर, आणि लेस लावताना

रिंग पूर्ण शटलच्याच दोऱ्यावर होते, त्यामुळे शटल गुंडीच्या आधी संपतं. रिंग सुरू करण्याआधी शटलवर पुरेसा दोरा आहे का ते पाहून घ्या. रिंगच्या मध्यात नवा दोरा बांधला तर ती बांधलेली गाठ नाडीतच येते आणि सरकत नाही. नवा दोरा नेहमी रिंग आणि चेन यांच्या मधल्या बुडापाशी बांधा. टोकं बोटभर ठेवा, मागाहून बारीक सुईत ओवून चेनच्या गाठींच्या पाठीमागून पाच-सहा गाठी फिरवा आणि मगच कापा. बुडाशी लगेच कापलेली टोकं पहिल्याच धुण्यात बाहेर येतात.

लेस पूर्ण झाली की ओली करून टॉवेलवर उलटी पसरा, प्रत्येक पिको बोटाने सरळ करा आणि तशीच वाळू द्या. बाहीला लावताना चेनच्या मधला पिको कापडाच्या कडेला बारीक टाक्याने पकडायचा, म्हणजे रिंगा बाहेरच्या बाजूला येतात आणि त्यांचा मधला पिको कडेला टोकासारखा उभा राहतो. त्या मुलीने पांढऱ्या दोऱ्याची लेस हिरव्या खणाच्या ब्लाउजला लावली. दुसऱ्या बाहीच्या सतराव्या रिंगेला तिने मधल्या पिकोत जोडणी केली होती, पण रिंग मिटवण्याआधी तिला ते दिसलं, आणि तिने माझ्याकडे न येता ती स्वतःच उकलली.